स्वागताची पाच मिनिटे
(प्रस्तावना)

कार्यशाळेच्या उद्घाटनसत्रात स्वागतासाठी उभा राहणारा मनुष्य हा त्या दिवसाचा पहिला वक्ता असतो. परंतु प्रमुख वक्ता तो कधीच नसतो. सभागृह सर्वांत ताजे असते ते त्याच्याच वाट्याला येते आणि सांगण्यासारखे सर्वांत थोडे असते तेही त्याच्याच जवळ. पुढे जे भाषणे करणार आहेत त्यांचा विषय ठरलेला असतो, आभार मानणाऱ्यापाशी घडून गेलेल्या सत्राचा तरी मजकूर असतो. स्वागतकर्त्यापाशी मात्र नावांची एक यादी, पाच मिनिटांचा अवधी आणि अजून काहीच घडलेले नाही अशी एक सभा एवढेच भांडवल असते. या संग्रहातील स्वागतभाषणे आणि त्यांवरील टिपणे वाचकांपुढे ठेवताना, एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर हा व्यवहार नीट कसा करावा, याचा थोडा विस्ताराने विचार करावा म्हणून हा प्रास्ताविक लेख लिहिला आहे.

प्रथम कार्यशाळा आणि संमेलन यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. संमेलनाला मनुष्य हौसेने येतो आणि स्वागताध्यक्षाचे भाषण तेथे लांबले, त्यात त्या गावाचा इतिहास, नदीचे माहात्म्य आणि थोर पुरुषांची नामावळी आली, तरी ते त्या सोहळ्याचे अंगच मानले जाते. कार्यशाळेला येणारा मनुष्य बहुधा कचेरीच्या हुकमाने, प्रवासभत्त्याच्या हिशेबाने आणि परत गेल्यावर साचलेल्या कामाच्या चिंतेने युक्त असा आलेला असतो; त्याला दोन दिवसांत काही हस्तगत करून जावयाचे असते. म्हणून संमेलनाच्या स्वागतभाषणाचा शिरस्ता कार्यशाळेत तसाच्या तसा चालविणे हे, वक्ता कितीही वाक्पटू असला तरी, प्रसंगाला सोडून होते.

सगळ्यांत अधिक घोटाळा होतो तो कामाच्या वाटणीत. स्वागत, प्रास्ताविक, परिचय आणि आभार अशी चार कामे उद्घाटनसत्रात चार माणसांकडे सोपविलेली असतात. आलेल्यांना यजमानाच्या वतीने आपलेसे करणे हे स्वागताचे काम. कार्यशाळा का भरविली, कशी आखली आणि तिच्याकडून काय अपेक्षित आहे हे सांगणे प्रास्ताविकाचे. पाहुण्यांचे शिक्षण, अधिकार आणि ग्रंथसंपदा सांगणे परिचयाचे. आणि राबलेल्यांची आठवण ठेवणे आभाराचे. स्वागतकर्ता उत्साहाच्या भरात ही चारही कामे एकटाच उरकतो, आणि मग प्रास्ताविक करणारा, "हे आताच सांगून झाले आहे, तरीही," अशा शब्दांनी आरंभ करतो. ते वाक्य सभेत ऐकू आले की स्वागत बिघडले, असे खुशाल समजावे.

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक उदाहरण डोळ्यांसमोर धरू. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांच्या जतनाविषयी दोन दिवसांची कार्यशाळा आहे. चाळीस जण आले आहेत: ग्रंथालयांतील सेवक, नगरपालिकेच्या दप्तरखान्यातील कारकून, शाळांची जनरल रजिस्टरे सांभाळणारे लिपिक आणि देवस्थानांच्या जमाखर्चाच्या वह्या ज्यांच्या कुलपात आहेत असे काही वयोवृद्ध गृहस्थ. व्यासपीठावर सहा जण आहेत. शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष हेच सत्राचे अध्यक्ष. जिल्हाधिकारी हे उद्घाटक. नगराध्यक्षा या प्रमुख पाहुण्या. पुण्याहून आलेल्या कागदतज्ज्ञ बाई बीजभाषण करणार. ग्रंथपाल हे कार्यशाळेचे समन्वयक. आणि प्राचार्य हे स्वागतकर्ते. सत्र दहा ते अकरा, आणि सव्वाअकराला प्रत्यक्ष कामास प्रारंभ.

या साठ मिनिटांची वाटणी कागदावर मांडून पाहिली म्हणजे स्वागतकर्त्याच्या वाट्याला काय येते हे स्पष्ट होते. दीपप्रज्वलनाला पाच, स्वागताला पाच, प्रास्ताविकाला आठ, परिचय व सत्कार यांना मिळून सात, उद्घाटकांना दहा, प्रमुख पाहुण्यांना पाच, बीजभाषणाला दहा, अध्यक्षांना सात आणि आभाराला तीन. यात कोठेही सैल दोरी नाही; स्वागतकर्त्याने जी दोन मिनिटे अधिक घेतली ती अखेरीस बीजभाषणातूनच वजा होतात, कारण अधिकारी आणि अध्यक्ष यांना वेळ कमी करा असे सांगण्याची कोणाची छाती नसते, आणि विद्वान पाहुण्याला मात्र तसे सांगणारी चिठ्ठी बिनदिक्कत पाठविली जाते. म्हणजे ज्यांच्यासाठी ही चाळीस माणसे आली त्यांच्याच वेळेवर हा अतिरिक्त आदर खर्ची पडतो.

आता मानक्रमाचा विचार. महाराष्ट्रात मानपान हा विषय थट्टेचा मानण्याची रीत आहे. परंतु नावांचा क्रम चुकला म्हणून दुखावलेला पाहुणा व्यासपीठावर तासभर बसलेला असतो आणि त्याचे दुखणे सबंध सभेला दिसत असते, ही वस्तुस्थिती थट्टेने टळत नाही. भारत सरकारचे अग्रक्रमाचे कोष्टक आहे; 26 जुलै 1979 रोजी अधिसूचित झालेल्या या कोष्टकात राष्ट्रपतींपासून खाली पदांची उतरंड लावून दिलेली आहे, आणि हा क्रम शासकीय व समारंभीय प्रसंगांपुरता आहे, शासनाच्या दैनंदिन कामकाजाला तो लागू नाही, असे त्यातच नमूद केलेले आहे. तालुक्याच्या गावातील कार्यशाळेत जिल्हाधिकारी आधी की नगराध्यक्षा आधी, या प्रश्नासाठी त्या कोष्टकाचा आधार शोधत बसण्याचे प्रयोजन नाही. येथे पद पाहायचे नसून त्या सत्रातील भूमिका पाहायची असते. अध्यक्ष, मग उद्घाटक, मग प्रमुख पाहुणे, मग बीजभाषक, मग समन्वयक, हा क्रम निमंत्रणपत्रिकेवर छापला जातो. आणि एकदा छापला गेला की तोच करार. कोणाला हरकत असेल तर ती पत्रिकेचे मुद्रित तपासताना निघावी, व्यासपीठावर निघू नये. आणि स्वागतकर्त्याने पत्रिकेचा क्रम आपल्या मर्जीने बदलू नये, हा याचा सरळ अर्थ.

परंतु पत्रिकेचा क्रम पाळूनही एक सूक्ष्म चूक होते, आणि ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भाषणारंभीचे संबोधन आणि पुढचे स्वागत या दोन भिन्न क्रिया आहेत. संबोधन सभेला उद्देशून असते, म्हणून त्यात अध्यक्ष प्रथम येतात. "अध्यक्ष महाराज" असा आरंभ करण्याची आपली जुनी चाल याच तत्त्वावर आहे. स्वागत मात्र पाहुण्यांचे करायचे असते, आणि आपल्या उदाहरणातील अध्यक्ष हे पाहुणे नव्हेत. ते संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे यजमानांतील ज्येष्ठ आहेत. प्राचार्यांनी, "मी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचे हार्दिक स्वागत करतो," असे म्हणणे म्हणजे घरधन्याला त्याच्याच उंबरठ्यावर या बसा म्हणणे होय. योग्य रीत अशी की संबोधनात अध्यक्षांना पहिला मान द्यावा, आणि स्वागताच्या वेळी त्यांना आपल्या बाजूला घ्यावे: "संस्थेचे अध्यक्ष आणि आम्ही सर्व सहकारी यांच्या वतीने मी आपले स्वागत करतो." यात अध्यक्षांचा मान वाढतो आणि एक नावही वाचते. समन्वयकांनाही हेच लागू. ते घरचे आहेत, त्यांचे स्वागत नको.

पेशवाईतील पत्रव्यवहार ज्यांनी चाळला आहे त्यांना हे अपरिचित वाटणार नाही. त्या काळी पत्राचा मायना पत्र घेणाऱ्याच्या पदाप्रमाणे, नात्याप्रमाणे आणि वर्णाप्रमाणे बदलत असे. कोणाला राजमान्य राजेश्री, कोणाला वेदशास्त्रसंपन्न, कोणाला तीर्थरूप लिहावयाचे याचे ज्ञान हा कारकुनाच्या विद्येचा भागच होता, आणि या लेखनरीती शिकविणारी मेस्तके उपलब्ध होती. परंतु तोच कारकून मायना दोन-तीन ओळींत आटोपून मजकुराला लागे. खजिन्याची निकड किंवा फौजेची हालचाल कळविणारे पत्र मायन्यातच संपून जात नसे. आदर नेमका असला म्हणजे त्याला फार जागा लागत नाही. आजच्या व्यासपीठावर जे लांबण दिसते त्याचे कारण आदराचा अतिरेक हे नसून नेमकेपणाचा अभाव हे आहे: कोणास काय म्हणावे हे ठरलेले नसते, म्हणून प्रत्येकास सर्व काही म्हटले जाते, आणि माननीय, सन्माननीय, आदरणीय अशी तीन विशेषणे एकाच गृहस्थावर चढविल्यावर शेवटी पुन्हा साहेब जोडले जाते.

म्हणून विशेषणांच्या बाबतीत एक बंधन पाळावे: व्यासपीठावरील सर्वांना एकच विशेषण. एकास सन्माननीय आणि दुसऱ्यास केवळ श्री. म्हटले की क्रम बरोबर असूनही मरातब कमी-जास्त होतो. नावाची खातरजमा आदल्या सायंकाळी करावी, कारण अधिकाऱ्यांच्या बदल्या पत्रिका छापल्यानंतरही होतात, आणि पूर्वीच्या जिल्हाधिकाऱ्यांचे नाव नव्या जिल्हाधिकाऱ्यांच्या समोर घेतले गेले तर त्यावर कोणतीही दिलगिरी पुरी पडत नाही. त्यांच्या स्वीय सहायकाला दूरध्वनी करून साहेब येणार, की प्रतिनिधी पाठविणार, आणि नावाचा उच्चार कसा, एवढे विचारून घ्यावे. स्त्रियांचा उल्लेख त्यांच्या स्वतःच्या नावाने आणि पदाने करावा. नगराध्यक्षांची ओळख पतीच्या नावावरून करून देण्याची जी सवय अजून पुरती गेलेली नाही, ती व्यासपीठावर तरी दिसू नये.

काळाचा हिशेब सांगतो, आणि तो सोपा आहे. सभेत सावकाश, स्पष्ट बोलणारा मनुष्य मिनिटाला सुमारे शंभर ते सव्वाशे शब्द उच्चारतो. तेव्हा पाच मिनिटांचे भाषण म्हणजे पाचशे ते सव्वासहाशे शब्द, फुलस्केप कागदाची दोन-अडीच पाने. व्यासपीठावरील पाच जणांची नावे, पदे आणि विशेषणे यथासांग घेतली तर त्याला पाऊण मिनिट लागते. आपल्या उदाहरणात स्वागतानंतर सत्रात आणखी सात जण बोलणार आहेत. प्रत्येकाने ही नावे पुन्हा घेतली तर सव्वापाच मिनिटे, म्हणजे एका संपूर्ण स्वागतभाषणाएवढा वेळ, निव्वळ नामोच्चारात जातो. यावर उपाय स्वागतकर्त्याच्याच हाती असतो. त्याने सर्वांची नावे एकदाच, पूर्ण आणि शुद्ध घ्यावीत, आणि पुढील वक्त्यांना समन्वयकांकरवी आधीच सुचवावे की त्यांनी "अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील मान्यवर आणि मित्रहो" एवढ्यावर भागवावे. स्वागतात नावे पूर्ण आली आहेत असे दिसले की बाकीचे वक्ते ही सूचना आनंदाने मानतात. तेथेच एखादे नाव गळले, तर मात्र पुढचा प्रत्येक वक्ता ती उणीव भरून काढण्यासाठी सबंध यादी वाचतो.

आता राहिली ती लक्ष वेधणारी गोष्ट. आरंभी श्रोत्यांना पकडणारे काही असावे हे सर्वांस मान्य आहे, आणि म्हणूनच संस्कृत सुभाषित, एखादा विनोद किंवा शेरोशायरी यांची योजना होते. यांत दोष असा की ही साधने कोणत्याही सभेत चालतात. ज्या वाक्याने साखर कारखान्याच्या परिसंवादाचा आरंभ झाला असता त्याच वाक्याने कागद-जतनाच्या कार्यशाळेचा झाला, तर श्रोत्याला आपण कोठे आलो आहोत हे कळत नाही. चांगला आरंभ त्याच विषयाच्या पोटातून निघतो, अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतो, आणि मुख्य म्हणजे त्यातून निघणाऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वागतकर्ता देत नाही. ते उत्तर कार्यशाळेने द्यावयाचे असते.

आपल्या प्राचार्यांनी काय करावे? त्यांच्या ग्रंथालयात कापडाच्या रुमालात बांधलेली मोडी कागदपत्रे आहेत आणि साठ वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांची बांधीव फाइलही आहे. हातकागद चिंध्या, ताग अशा लांब तंतूंच्या मालापासून बनविलेला, खळ देऊन घोटलेला असतो. जुन्नर आणि दौलताबाद येथील कागदाची कीर्ती याच जातीची. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून असा कागद सर्रास होऊ लागला, आणि त्या काळच्या यंत्रावरील बऱ्याच कागदांना शाई फुटू नये म्हणून राळ व तुरटी यांचे पूट दिले जाई. तुरटीमुळे कागदात आम्ल राहते, दमट हवेत ते तंतूंच्या साखळ्या हळूहळू तोडते, आणि लाकडातील लिग्निन या द्रव्यामुळे कागद पिवळा पडतो. अखेर पान घडीवर तुटते. जतनशास्त्रात कागदाचा ठिसूळपणा अजमावण्यासाठी पानाचा कोपरा पुढे-मागे दुमडून पाहण्याची जी कसोटी आहे ती यावरच आधारलेली आहे. यातील शास्त्र सांगणे हे बीजभाषक बाईंचे काम. प्राचार्यांनी फक्त प्रश्न ठेवावा. त्यांचे भाषण साधारण असे होऊ शकेल:

"अध्यक्ष महाराज, सन्माननीय जिल्हाधिकारी, सन्माननीय नगराध्यक्षा, पुण्याहून आलेल्या सन्माननीय तज्ज्ञ, आमचे समन्वयक आणि कार्यशाळेसाठी जमलेल्या मित्रहो, माझ्या हातात वर्तमानपत्राच्या रद्दीतला एक कोरा समास आहे. तो साठ वर्षांचा आहे. मी तो दुमडतो, पाहा, तुटला. या ग्रंथालयात याच्या तिप्पट वयाचा मोडी कागद आहे, आणि तो आजही रुमालातून काढून उलगडता येतो. नातू आजोबांच्या आधी का जातो, हे आज आपल्याला समजून घ्यायचे आहे. संस्थेचे अध्यक्ष आणि आम्ही सर्व सहकारी यांच्या वतीने, या प्रश्नाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशा पाहुण्यांचे मी स्वागत करतो. ज्यांच्या अभिलेखकक्षात सबंध जिल्ह्याच्या जमिनींचे कागद आहेत ते जिल्हाधिकारी. ज्यांच्या नगरपालिकेत या गावातील प्रत्येकाच्या जन्माची नोंद आहे त्या नगराध्यक्षा. आणि तुटलेला कागद पुन्हा हाती धरण्याजोगा कसा होतो हे ज्यांनी आयुष्यभर करून पाहिले त्या आजच्या बीजभाषक."

यात प्रत्यक्ष भाषणाच्या वेळी अर्थातच नावे यावयाची. येथे केवळ पदे घेतली आहेत. या उताऱ्यात पाहण्याजोगी गोष्ट ही, की संबोधनानंतर लगेच आलेला तो तुटका समास पुढील प्रत्येक स्वागताला कारण पुरवितो. जिल्हाधिकारी मोठे आहेत म्हणून आले असे येथे ध्वनित होत नाही. त्यांच्याकडे कागद आहेत म्हणून ते आले आहेत. मानक्रम आणि विषय हे दोन वेगळे धागे राहिले की श्रोता पहिला संपण्याची वाट पाहतो; ते एकत्र वळले की नावांची यादीच विषयाचा पहिला पाठ होते. स्वागतभाषणाविषयी मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे, आणि बाकीचे नियम त्याच्या सोयीसाठी आहेत. यानंतर प्राचार्यांनी सहभागी मंडळींचे स्वागत करावे, तेही "सर्व उपस्थितांचे" अशा ठोकळ शब्दांत न करता ते कोठून व कोणती दप्तरे मागे ठेवून आले हे दोन वाक्यांत सांगून; कारण खरे पाहुणे तेच. मग प्रास्ताविकासाठी समन्वयकांना पाचारण करून बसावे.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. प्रात्यक्षिकासाठी हाती घ्यावयाचा तुकडा खरोखरच रद्दीतला असावा. अस्सल कागद सभेत फिरविणे किंवा दुमडून दाखविणे हे अशा कार्यशाळेत अक्षम्य आहे, आणि समोर बसलेल्या तज्ज्ञांचे डोळे प्रथम तिकडेच जातील. त्याच न्यायाने प्रदर्शनात मांडलेली कागदपत्रे दीपप्रज्वलनाच्या समईपासून, तेलापासून आणि हार-फुलांपासून दूर, शक्य तर वेगळ्या दालनात ठेवावीत.

अडचणी ठराविकच येतात. उद्घाटकांना पंचवीस मिनिटे उशीर होणार असे कळले, तर सत्र थांबवून सभेला ताटकळत ठेवण्यापेक्षा स्वागत आणि प्रास्ताविक वेळेवर करून घ्यावे. दीपप्रज्वलन मागाहून होऊ शकते. उद्घाटक स्वागताच्या मध्येच आले, तर चालू वाक्य पूर्ण करावे, ते स्थानापन्न होईपर्यंत थांबावे, एका वाक्यात स्वागत करावे आणि राहिलेल्या जागेवरून पुढे जावे. भाषण आरंभापासून पुन्हा करू नये. ते आलेच नाहीत व प्रतिनिधी आले, तर प्रतिनिधीचे त्याच्या स्वतःच्या नावाने व पदाने स्वागत करावे. अनुपस्थितांची खंत आळवीत बसल्यास उपस्थिताचा उपमर्द होतो. सभा चालू असता कोणीतरी चिठ्ठी आणून देतो आणि तीत समोरच्या रांगेत येऊन बसलेल्या एखाद्या प्रतिष्ठिताचे नाव असते. तेव्हा ते सहभागी मंडळींच्या स्वागतापूर्वी, "निमंत्रितांपैकी" असे म्हणून घ्यावे, व्यासपीठाच्या यादीत घुसडू नये. आणि वेळ खरोखरच तुटला, पाचाची दोन मिनिटे करावी लागली, तर काय गाळायचे ते कागदावर आधीच खूण करून ठेवलेले असावे: प्रथम विशेषणे, मग पाहुण्यांविषयीची वाक्ये; नावे, आरंभीचा प्रश्न आणि सहभागी मंडळींचे स्वागत ही शेवटपर्यंत राहावीत.

या संग्रहातील भाषणे जशीच्या तशी उचलून वापरावीत अशी अपेक्षा नाही. विषय बदलला की आरंभ बदलतो, आणि आरंभ बदलला की प्रत्येक पाहुण्याविषयीचे वाक्यही बदलावे लागते. वाचकांना विनंती एवढीच आहे, की आपले भाषण लिहून झाल्यावर ते घड्याळ समोर ठेवून एकदा मोठ्याने वाचावे, आणि पाच मिनिटांवर जात असेल तर विशेषणे कापावीत, नावे कापू नयेत.